मुलांचे इंपेटिगो आणि गळू : औषधाचा हिशेब वजनावर, वेळ जेवणावर

इंपेटिगो हा त्वचेच्या अगदी वरच्या थरात होणारा जंतुसंसर्ग आहे. नाकाखाली, ओठांच्या कडेला किंवा हातापायांवर आधी लालसर पुरळ उठतो, त्याच्या फोड्या होतात, त्या फुटतात आणि वर मधाच्या रंगाची खपली धरते. काही मुलांना पाण्याने भरलेले मोठे, सैल फोड येतात. गळू याहून खोल असते. त्वचेखाली पू साठतो, जागा सुजते, गरम होते, ठणकते आणि काही दिवसांनी मधोमध मऊ पडते. दोन्हींमागे बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हाच जंतू असतो. इंपेटिगोत त्याच्या जोडीला किंवा एकटा स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस हा जंतूही सापडतो. क्लॉक्सासिलिन आणि क्लिंडामायसिन ही प्रतिजैविके या दोन जंतूंसाठी वापरली जातात. मुलांमध्ये त्यांची मात्रा वजनावरून ठरते आणि ती ठरवताना, मोजताना आणि पाजताना काही ठरावीक जागी चुका होतात.

पहिला प्रश्न पोटातून औषध देण्याची गरज आहे का, हा असतो. इंपेटिगोच्या दोनचारच खपल्या असतील आणि मूल एरवी ठणठणीत असेल, तर कोमट पाण्याने खपली भिजवून हलकेच काढायची आणि दोन टक्क्यांचे म्युपिरोसिन मलम दिवसातून दोनदा पाच दिवस लावायचे, एवढे पुरते. खपल्या पुष्कळ असतील, अंगभर पसरत असतील किंवा घरातल्या अनेक मुलांना एकाच वेळी झाले असेल, तर तोंडाने घ्यायचे औषध लागते आणि ते साधारण सात दिवस द्यावे लागते. अंगाला, विशेषतः बोटांच्या बेचक्यांत, रात्री खाज सुटत असेल तर मुळात खरूज असून खाजवल्यामुळे वर इंपेटिगो झाला असण्याची शक्यता असते. अशा वेळी खरजेवर उपचार झाला नाही, तर प्रतिजैविक संपल्यावर फोड्या पुन्हा येतात.

गळवाचा मुख्य उपचार म्हणजे चीर देऊन पू बाहेर काढणे. साठलेल्या पुवात रक्तपुरवठा नसतो, म्हणून तिथे औषध नीट पोचत नाही आणि पोचले तरी त्या वातावरणात त्याचा प्रभाव कमी पडतो. पू तसाच ठेवून सिरपच्या बाटल्या बदलत राहिल्याने मुलाचे दुखणे लांबते. मग चीर दिल्यावर प्रतिजैविकाचा उपयोग असतो का? अमेरिकेत झालेला आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या प्रश्नावर फार उपयोगी पडला. त्यात लहान आकाराची गळवे झालेले 786 रुग्ण होते आणि त्यांपैकी 281 मुले होती. सर्वांचा पू काढला गेला. त्यानंतर काहींना दहा दिवस क्लिंडामायसिन, काहींना कोट्रायमोक्झाझोल आणि काहींना औषध नसलेली गोळी देण्यात आली. क्लिंडामायसिनच्या गटात सुमारे 83 टक्के, कोट्रायमोक्झाझोलच्या गटात 82 टक्के आणि बिनऔषधाच्या गटात 69 टक्के रुग्ण बरे झाले. म्हणजे औषधाने फरक पडला, पण नुसता पू काढूनही दहातले जवळपास सात जण बरे झाले होते. याच अभ्यासात क्लिंडामायसिनच्या गटात जुलाबासारखे त्रास सर्वांत जास्त, सुमारे 22 टक्के रुग्णांना झाले. बिनऔषधाच्या गटात हे प्रमाण साडेबारा टक्के होते. लहान, एकट्या गळवाला चीर दिल्यावर डॉक्टरांनी प्रतिजैविक लिहिले नाही, तर तो हलगर्जीपणा नसतो. सभोवती लाली पसरत असेल, ताप असेल, गळवे अनेक असतील किंवा मूल अगदी लहान असेल, तर मात्र औषध दिले जाते.

दोन औषधांतले कोणते निवडायचे, हे जंतूच्या प्रतिकारावर अवलंबून असते. साध्या पेनिसिलिनला तोडून टाकणारे विकर बहुतेक स्टॅफिलोकॉकस तयार करतात. क्लॉक्सासिलिन हा पेनिसिलिनचाच असा भाऊबंद आहे, की त्या विकराला तो पुरून उरतो. परंतु जंतूंच्या काही वाणांनी दुसरीच वाट काढली आहे. पेनिसिलिन ज्या प्रथिनाला चिकटते, ते प्रथिनच त्यांनी बदलले. या वाणांना एमआरएसए म्हणतात आणि त्यांच्यापुढे क्लॉक्सासिलिन कितीही मोठ्या मात्रेत दिले तरी चालत नाही. क्लिंडामायसिन जंतूच्या आतली प्रथिननिर्मिती थांबवते, त्यामुळे ते यांतल्या अनेक वाणांवर चालते. पेनिसिलिनची खरी ॲलर्जी असलेल्या मुलालाही क्लॉक्सासिलिन देता येत नाही, तिथे क्लिंडामायसिनचा पर्याय राहतो. पुवाची तपासणी केली असेल, तर अहवालात क्लिंडामायसिनपुढे ‘संवेदनशील’ असे लिहिलेले असूनही प्रयोगशाळेने डी-टेस्ट केली आहे का, ते डॉक्टर पाहतात. काही जंतूंमधला प्रतिकार आधी झोपलेला असतो आणि उपचार सुरू झाल्यावर जागा होतो. ही चाचणी तो आधीच उघड करते.

आता मात्रेकडे. क्लॉक्सासिलिनची मुलांमधली नेहमीची मात्रा वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 50 ते 100 मिलिग्रॅम असते आणि ती चार भागांत, म्हणजे साधारण सहा तासांच्या अंतराने दिली जाते. सौम्य इंपेटिगोला खालचा आकडा पुरतो, संसर्ग जास्त असेल तर वरचा लागतो. वजन 20 किलोंच्या पुढे गेले की दर वेळी 250 ते 500 मिलिग्रॅम ही ठरावीक मात्रा वापरली जाते. क्लिंडामायसिन इंपेटिगोसाठी दर किलोमागे दिवसाला 20 मिलिग्रॅम आणि एमआरएसएची शंका असलेल्या गळवासाठी 30 ते 40 मिलिग्रॅम दिले जाते. दोन्ही वेळा ते तीन भागांत, आठ तासांच्या अंतराने द्यायचे असते. हिशेबाने निघालेली मात्रा प्रौढांच्या मात्रेच्या पुढे जाऊ द्यायची नसते. क्लिंडामायसिनमध्ये ही मर्यादा दर वेळी 300 ते 450 मिलिग्रॅम अशी धरतात. एक महिन्याच्या आतील बाळांना हे आकडे लागूच होत नाहीत. त्यांचे यकृत आणि मूत्रपिंड औषध वेगळ्या गतीने हाताळतात आणि त्यांच्या त्वचेवरची साधी पूफोडीही रुग्णालयात दाखवण्याची बाब असते.

या आकड्यांबाबत सर्वांत मोठी आणि सर्वांत धोकादायक गफलत ‘दिवसाला’ आणि ‘दर वेळी’ या दोन शब्दांत होते. एका पुस्तकात क्लॉक्सासिलिन किलोमागे दिवसाला 100 मिलिग्रॅम असे छापलेले असते, दुसऱ्यात किलोमागे दर वेळी 25 मिलिग्रॅम असे. दोन्ही आकडे एकच गोष्ट सांगतात, कारण 25 चारदा घेतले की 100 होतात. पण दिवसाचा आकडा कोणी दर वेळेचा समजला तर मुलाला चौपट औषध जाते, आणि दर वेळेचा आकडा दिवसाचा समजला तर चौथा हिस्साच मिळतो. कमी मात्रेची चूक लगेच दिसत नाही. तीन दिवसांनी फोड्या वाढलेल्या दिसतात आणि औषधच बदलून टाकले जाते, प्रत्यक्षात ते औषध कधी पुरेसे मिळालेलेच नसते.

बारा किलो वजनाच्या, अडीच वर्षांच्या मुलीचे उदाहरण घेऊन हा हिशेब पूर्ण करता येतो. तिच्या नाकाभोवती, हनुवटीवर आणि दोन्ही हातांवर इंपेटिगोच्या खपल्या आहेत, ताप नाही, आणि डॉक्टरांनी क्लॉक्सासिलिन किलोमागे दिवसाला 50 मिलिग्रॅम असे ठरवले आहे. बारा गुणिले 50 म्हणजे दिवसाला 600 मिलिग्रॅम. त्याचे चार भाग केले की दर वेळी 150 मिलिग्रॅम. बाटलीवर पाच मिलिलीटरमध्ये 125 मिलिग्रॅम असे लिहिले असेल, तर एका मिलिलीटरमध्ये 25 मिलिग्रॅम औषध येते. म्हणून 150 मिलिग्रॅमसाठी सहा मिलिलीटर लागतात. आता याच मुलीच्या मांडीवर गळू झाले, पू काढला आणि एमआरएसएच्या शंकेने क्लिंडामायसिन किलोमागे दिवसाला 30 मिलिग्रॅम द्यायचे ठरले, तर दिवसाचे 360 मिलिग्रॅम होतात आणि तीन भागांत दर वेळी 120. क्लिंडामायसिनचे द्रवरूप बहुधा पाच मिलिलीटरमध्ये 75 मिलिग्रॅम, म्हणजे एका मिलिलीटरमध्ये 15 मिलिग्रॅम असे असते. 120 भागिले 15 म्हणजे आठ मिलिलीटर. दोन्ही उदाहरणांत गुणाकार, भागाकार आणि पुन्हा भागाकार अशा तीनच पायऱ्या आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून पालकांना त्या उलट्या दिशेने ताडून पाहता येतात: दर वेळचे मिलिलीटर गुणिले एका मिलिलीटरमधले औषध, गुणिले दिवसातल्या वेळा, भागिले वजन. उत्तर वर सांगितलेल्या आकड्यांच्या जवळपास यायला हवे. ते फार दूर आले तर पहिली मात्रा देण्याआधीच दवाखान्यात फोन करावा.

हा हिशेब करताना वजन मात्र आजचे हवे. सहा महिन्यांपूर्वी लसीच्या वेळी कार्डावर लिहिलेले वजन वाढत्या वयात चालत नाही. चिठ्ठीवर वजन लिहिलेले नसेल तर ते लिहून मागणे हा पालकांचा हक्क आहे.

दुकानात गेल्यावर आणखी एक अडचण पुढे येते. आपल्याकडे निव्वळ क्लॉक्सासिलिनपेक्षा अँपिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिनबरोबरची त्याची जोडी जास्त विकली जाते. जोडीच्या पाकिटावरचा ठळक आकडा अनेकदा दोन्ही औषधांची बेरीज असतो. पाचशे मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये क्लॉक्सासिलिन 250 मिलिग्रॅमच असू शकते. वरचा सगळा हिशेब फक्त क्लॉक्सासिलिनचा आहे, म्हणून बारीक अक्षरांतला घटकांचा तक्ता वाचावा लागतो. स्टॅफिलोकॉकसविरुद्ध या जोडीतले अँपिसिलिन काही भर घालत नाही, जुलाब आणि पुरळ यांची शक्यता मात्र वाढवते. जागतिक आरोग्य संघटनेने अँपिसिलिन आणि क्लॉक्सासिलिनच्या या मिश्रणाचा समावेश ‘शिफारस नाही’ अशा यादीत केला आहे. क्लिंडामायसिनचे द्रवरूप तर अनेक दुकानांत मिळतच नाही, 150 आणि 300 मिलिग्रॅमच्या कॅप्सूल मिळतात. बारा किलोंच्या मुलीला 150 मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून तीनदा दिली तर किलोमागे दिवसाला साडेसदतीस मिलिग्रॅम होतात. गळवासाठी हा आकडा मर्यादेत बसतो, साध्या इंपेटिगोसाठी तो जवळपास दुप्पट आहे. शिवाय अडीच वर्षांचे मूल कॅप्सूल गिळू शकत नाही. कॅप्सूल उघडून भुकटी खाण्यात मिसळण्याची युक्ती डॉक्टरांनी सांगितली तरच करावी. ती भुकटी अतिशय कडू असते, मूल अर्धा घास थुंकून टाकते आणि पोटात नेमके किती गेले ते कळत नाही.

जेवणाच्या बाबतीत ही दोन औषधे अगदी वेगळी वागतात. क्लॉक्सासिलिन पोटात अन्न असताना नीट शोषले जात नाही, रक्तातली त्याची पातळी बरीच खाली राहते. म्हणून ते रिकाम्या पोटी, म्हणजे खाण्याच्या किमान एक तास आधी किंवा खाऊन दोन तास झाल्यावर द्यायचे असते. लहान मुलांच्या घरात हा नियम पाळणे सर्वांत अवघड जाते. मूल दिवसभर काहीतरी खात असते, दुधाची बाटली अन्नातच मोडते आणि कडवट औषधानंतर लगेच बिस्किट देण्याची सवय असते. औषध शरीरातून फार लवकर निघून जाते, रक्तातले निम्मे तासाभराच्या आत संपते, म्हणूनच ते चार वेळा द्यावे लागते. एक वेळ चुकली किंवा भरल्या पोटी गेली, तर जंतूंना मोकळीक मिळण्याचा काळ वाढतो.

घड्याळ आणि जेवण दोन्ही सांभाळणारे एक वेळापत्रक असे होऊ शकते. सकाळी साडेसहाला उठल्याबरोबर पहिली मात्रा आणि साडेसातला दूध-नाश्ता. बाराला दुसरी मात्रा आणि एकला जेवण. मधल्या वेळचे खाणे साडेतीनपर्यंत संपवून साडेपाचला तिसरी मात्रा आणि साडेसातला रात्रीचे जेवण. दहाला झोपण्यापूर्वी चौथी. ही अंतरे काटेकोर सहा तासांची नाहीत, रात्री साडेआठ तासांची मोकळी वेळ राहते. तरीही मुलाला मध्यरात्री उठवून औषध पाजण्याच्या हट्टापायी तिसऱ्या दिवशी सगळाच क्रम कोसळण्यापेक्षा हे बरे. पाळणाघरात किंवा अंगणवाडीत जाणाऱ्या मुलाची दुपारची मात्रा कोण देणार, हे पहिल्याच दिवशी ठरवावे लागते. ते जमणारच नसेल तर तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. सेफॅलेक्सिनसारखे औषध दिवसातून कमी वेळा देता येते, त्याला जेवणाचे बंधनही नसते, आणि साध्या इंपेटिगोवर ते तितकेच चांगले काम करते. चार वेळा कागदावर लिहून प्रत्यक्षात दोनदा दिले जाणारे क्लॉक्सासिलिन हा वाईट उपचार आहे.

क्लिंडामायसिनचे शोषण अन्नाने फारसे बदलत नाही. तोंडाने घेतलेले बहुतेक औषध रक्तात पोचते, मग पोट भरलेले असो वा रिकामे. त्यामुळे पोटात मळमळत असेल तर ते जेवणाबरोबर खुशाल द्यावे. सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री दहा अशा वेळा त्याला सोयीच्या पडतात. याची अडचण निराळी आहे. कॅप्सूल अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते आणि छातीत तीव्र जळजळ, गिळताना दुखणे सुरू होते. म्हणून कॅप्सूल घेणाऱ्या मोठ्या मुलाने ती पेलाभर पाण्याबरोबर, उभे राहून किंवा ताठ बसून घ्यावी आणि नंतर निदान अर्धा तास आडवे होऊ नये. रात्रीची मात्रा अंथरुणात पडल्यापडल्या घोटभर पाण्याने घेणे नेमके याच कारणासाठी टाळायचे.

द्रवरूप औषध मोजताना स्वयंपाकघरातला चमचा वापरू नये. चमचे एका मापाचे नसतात. बाटलीबरोबरचे मापाचे झाकण किंवा त्याहून चांगली म्हणजे सुई नसलेली सिरिंज घ्यावी. कोरडी भुकटी असलेल्या बाटलीत उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंतच घालायचे आणि भुकटी पूर्ण मिसळेपर्यंत हलवायचे. पाणी जास्त झाले तर प्रत्येक मात्रा पातळ होते. दर वेळी पाजण्याआधी बाटली पुन्हा हलवावी लागते, नाहीतर सुरुवातीला पाणचट आणि शेवटी गडद औषध मिळते. मिसळलेले क्लॉक्सासिलिन फ्रिजमध्ये ठेवायचे. क्लिंडामायसिनचे द्रव मात्र फ्रिजमध्ये घट्ट होते आणि ओतता येत नाही, म्हणून ते बाहेरच ठेवायचे. एखादी मात्रा विसरली तर आठवताच द्यावी, पण पुढची वेळ अगदी जवळ आली असेल तर ती सोडून द्यावी. दोन मात्रा एकदम देऊ नयेत.

उपचार लागू पडत असेल तर दोन-तीन दिवसांत नव्या फोड्या येणे थांबते, खपल्या सुकतात, गळवाभोवतीची लाली आणि ठणका कमी होतो. खपली पूर्ण जायला जास्त दिवस लागतात आणि मागे राहिलेला फिकट डाग काही आठवड्यांनी जातो, त्यामुळे डाग म्हणजे औषध चालले नाही असे नाही. उपचार सुरू होऊन 24 तास झाले की इंपेटिगो झालेल्या मुलाला शाळेत पाठवता येते, उघड्या जखमा झाकलेल्या असल्या म्हणजे झाले. तोवर टॉवेल आणि उशी वेगळी ठेवावी आणि नखे कापून टाकावीत.

तीन दिवसांनंतरही फोड्या वाढत असतील, तर त्यामागे क्लॉक्सासिलिन न मानणारा जंतू, न काढलेला पू, खाली दडलेली खरूज किंवा पोटात न पोचलेली मात्रा यांपैकी काहीतरी असते. पुन्हा दाखवायला जाताना किती मिलिलीटर, कोणत्या वेळी आणि जेवणाच्या कोणत्या बाजूला दिले, हे खरे सांगितले तर डॉक्टरांचे अर्धे काम होते. क्लिंडामायसिन सुरू असताना, किंवा संपल्यावर काही आठवड्यांनीही, पाण्यासारखे वारंवार जुलाब लागले, शौचात रक्त पडले किंवा पोटात कळा आल्या, तर औषध चालू असल्यास थांबवून लगेच दाखवावे. या औषधाने आतड्यातले उपयुक्त जंतू मरतात आणि क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल नावाचा जंतू माजू शकतो. जुलाब बंद करणाऱ्या गोळ्या अशा वेळी स्वतःहून देऊ नयेत. औषध घेतल्यावर अंगभर पित्त उठणे, ओठ-चेहरा सुजणे किंवा श्वास लागणे हे तातडीने रुग्णालय गाठण्याचे कारण आहे.

डोळ्याभोवती सूज, वेगाने पसरणारी लाली, लाल रेघ, खूप ताप, सुस्त पडलेले किंवा पिणे सोडलेले मूल यांना तोंडाच्या औषधाची वाट पाहता येत नाही, शिरेतून औषध लागते. इंपेटिगो बरा झाल्यावर काही आठवड्यांनी मुलाची लघवी चहासारखी गडद झाली किंवा सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसली, तर स्ट्रेप्टोकॉकसनंतर मूत्रपिंडाला होणाऱ्या दाहाची शंका घेऊन लघवी आणि रक्तदाब त्याच दिवशी तपासून घ्यावा.